ट्यूब महिनोन्‌महिने पुरली, म्हणजे काहीतरी चुकलं

इसब असलेल्या मुलाला डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम लिहून दिलं की आई-बाबा ट्यूब जपून वापरतात. मोहरीएवढा ठिपका काढायचा, तो चोळून चोळून पसरायचा आणि लाली जरा उतरली की बंद. कारण ‘त्वचा पातळ होते’ हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

मलम किती लावायचं, याचं माप आपल्या बोटावरच असतं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत, मलमाची सलग धार काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या त्वचेला पुरते. समजा, दोन वर्षांच्या मुलीच्या कोपरांच्या घड्यांत आणि गुडघ्यांच्या मागे इसब आहे आणि चारही जागा मिळून आईच्या चार तळव्यांएवढ्या भरतात. म्हणजे एका वेळी दोन पेरं, एक ग्रॅम. दिवसातून एकदा असं दहा दिवस लावलं तर दहा ग्रॅम संपायला हवेत. पंधरा ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरत असेल, तर औषध पुरेसं लागतच नाही. इसब धुमसत राहतो, खाज थांबत नाही आणि मलम वर्षभर थोडंथोडं चालूच राहतं. भीतीपोटी केलेली काटकसर अशी उलटते.

भीती निराधार मात्र नाही. क्लोबेटॅसोलसारखं अतिशय तीव्र स्टेरॉइड गोरं होण्यासाठी किंवा नायट्यासाठी दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने चेहऱ्यावर चोळलं, तर त्वचा खरोखर पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात. जांघेत आणि काखेत कायमचे चट्टेही उठतात. आपल्याकडे हे सर्रास घडतं, म्हणून पालकांना दोष देववत नाही. पण योग्य तीव्रतेचं मलम सांगितलेल्या जागी एक-दोन आठवडे लावल्यानं असं सहसा होत नाही.

जागेचं महत्त्व इथेच आहे. पापण्या, चेहरा, जांघा, काखा इथली त्वचा नाजूक असते आणि औषध जास्त शोषते. डायपरखाली तर ते झाकलं जाऊन आणखी मुरतं. म्हणून या जागी एक टक्का हायड्रोकॉर्टिझोनसारखं सौम्य मलम देतात. पायासाठी दिलेली ट्यूब गालाला लावू नये, घरात तीच हाताशी असली तरी. उलट सतत खाजवून जाड झालेल्या घोट्याला सौम्य मलम बहुधा पुरत नाही.

थांबायचं कधी? सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, डाग जांभळट-राखी दिसतो. म्हणून बोट फिरवून पाहावं. खरखर आणि खाज दोन्ही गेली की स्टेरॉइड थांबवायचं, साधं ओलावा टिकवणारं मलम रोज चालू ठेवायचं. मागे राहिलेला फिकट डाग बहुतेकदा इसबाचा असतो आणि हळूहळू भरतो. दोन आठवडे नीट लावूनही फरक नसेल, किंवा पाणी, पू, पिवळी खपली दिसली, तर मलम वाढवण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावं.