फ्लोराइड धरायचं खड्यांनी की पडद्यानं?

बोअरचं पाणी नितळ आहे, त्यात डाळ पटकन शिजते, साबणाला भरपूर फेस येतो. मग काळजी कसली? गंमत अशी की फ्लोराइडच्या पट्ट्यात नेमकं हेच पाणी आधी तपासायला हवं! पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर ते फ्लोराइडशी जोडी जमवून त्याला खडकातच बसवून टाकतं. कॅल्शियम कमी असलेल्या मऊ पाण्यात मात्र फ्लोराइड मोकळं फिरतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच उरतं.

यवतमाळमधल्या पांढरकवडा, झरी-जामणी भागाला हा त्रास चांगला ठाऊक आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर लहान मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि प्रमाण फारच जास्त असेल तर पुढे सांधे, कणा आखडतो.

आता हे फ्लोराइड बाहेर काढायचं कसं? एक वाट अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाची. दिसायला नुसते पांढरे, खडबडीत दाणे. पण एक ग्रॅम दाण्यांच्या आतल्या सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग उलगडून पसरला, तर तो दोन-अडीच गुंठे भरेल! या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या बसलेल्या असतात. फ्लोराइडचा आकार जवळपास त्यांच्याएवढाच. त्यामुळे ते येतं, जोडीला उठवतं आणि तिची जागा बळकावतं. ना वीज लागते, ना पाणी वाया जातं.

दुसरी वाट आरओची. तिथे दाबानं पाणी एका पातळ पडद्यातून ढकलतात. इथे एक कोडं पडतं. फ्लोराइड एवढं चिमुकलं, मग ते पडद्यातून निसटत का नाही? कारण ते चिमुकलं आहे, म्हणूनच! सगळा विद्युतभार इवल्याशा जागेत दाटल्यामुळे ते भोवतालचे पाण्याचे रेणू घट्ट ओढून घेतं. हे ओलं घोंगडं पांघरलेलं फ्लोराइड पडद्याशी अडतं. चांगल्या स्थितीतला पडदा नव्वद टक्क्यांच्या आसपास फ्लोराइड रोखतो.

मग गावानं काय घ्यावं? हिशेब करून बघू. समजा पाचशे वस्तीचं गाव आहे. पिण्या-स्वयंपाकाला माणशी आठ लिटर धरलं, तर रोज चार हजार लिटर पाणी लागेल. बोअरमध्ये फ्लोराइड 4 मिलिग्रॅम आहे आणि ते 1 वर आणायचं आहे. म्हणजे रोज काढायचं फ्लोराइड भरतं फक्त 12 ग्रॅम! एक किलो अ‍ॅल्युमिना प्रत्यक्ष गावच्या पाण्यात दीड ग्रॅम धरतो असं मानलं, तर 240 किलोची टाकी महिनाभर पुरेल. मग कॉस्टिक सोड्यानं दाणे धुवायचे, सौम्य आम्लानं पुन्हा ताळ्यावर आणायचे, की टाकी परत तयार. मात्र त्या धुवणात महिन्याचं सगळं फ्लोराइड एकवटलेलं असतं. ते ओढ्यात सोडून चालत नाही.

आरओनं निम्मं पाणी गाळून दिलं, तर चार हजार लिटरसाठी बोअरमधून आठ हजार उपसावे लागतात. उरलेल्या चार हजारांत फ्लोराइड साडेसातच्या वर जातं. ते बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडलं, तर त्याची वाट परत बोअरकडेच!

माझ्या मते निकाल लावणारी गोष्ट वेगळीच आहे: यंत्र बिघडलं हे गावाला कळतं कसं? आरओचा पडदा चोंदला की धार बारीक होते. पडदा फाटला की साध्या टीडीएस मीटरवरचा आकडा चढतो. अ‍ॅल्युमिना मात्र बोलतच नाही. दाणे भरले तरी धार तीच, चव तीच, आणि टीडीएस मीटरलाही त्यातलं काही कळत नाही, कारण पाण्यातल्या शेकडो मिलिग्रॅम क्षारांत फ्लोराइडचे तीन-चार इकडे-तिकडे झालेले त्याला दिसणार कसे? तिथे फ्लोराइडचीच चाचणी हवी. तपासणी किटमधल्या झिर्कोनियमच्या रंगद्रव्याचे थेंब टाकले की फ्लोराइड वाढेल तसा गुलाबी रंग पिवळ्याकडे झुकतो.

अ‍ॅल्युमिनाचा आणखी एक हट्ट म्हणजे त्याला किंचित आम्लधर्मी पाणी आवडतं. सामू आठच्या पुढे गेला किंवा बायकार्बोनेट फार असलं, की दाण्यांवरच्या जागांसाठी गर्दी होते आणि महिन्याची टाकी पंधरवड्यातच दमते.

म्हणून निवड पाण्याचा पूर्ण अहवाल हातात घेऊनच करावी. पाणी खारटही असेल, नायट्रेटही असेल, तर आरओ घ्या आणि सांडपाण्याची सोय आधी करा. फ्लोराइड हाच एकटा दोष असेल, तर अ‍ॅल्युमिना. पण दर आठवड्याला किट हातात घेणारा माणूस आधी नेमा, टाकी नंतर मागवा.