थाळी सुटते कुठे?

नववीतल्या त्या मुलीने एक किलोची थाळी उचलली ती जेवणाच्या ताटासारखी. अंगठा वर, चार बोटं खाली आणि पकड अगदी घट्ट. पहिल्यांदा थाळी हातात घेणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो. जड वस्तू पडू नये म्हणून आवळून धरायची, हे हाताला लहानपणापासून ठाऊक असतं. थाळीफेक शिकताना पहिले काही दिवस ही सवय मोडण्यातच जातात. लोकांना वाटतं, या खेळाला ताकद लागते. दूरदर्शनच्या ‘महाभारत’मधला भीम, प्रवीणकुमार सोबती, हा 1966 आणि 1970च्या आशियाई स्पर्धांत थाळीफेकीचं सुवर्ण जिंकलेला खेळाडू होता, म्हणून तो समज आणखी पक्का झाला असावा. ताकद लागतेच, पण नवशिक्याची थाळी अडते ती बोटांत.

थाळी धरायची नसते, बोटांवर टांगायची असते. डाव्या तळव्यावर थाळी ठेवा आणि तिच्यावर उजवा पंजा पालथा पसरा. बोटं थोडी फाकलेली, आणि चारही बोटांची फक्त शेवटची पेरं कडेवरून खाली वळलेली. अंगठा थाळीच्या पाठीवर नुसता टेकलेला, मनगट सरळ. आता हात मांडीजवळ सैल सोडला की थाळी त्या पेरांवर विसावते. हात आडवा करून तसाच ठेवला तर ती पडणारच. पण झोका दिला की पडत नाही. पाण्याची बादली गरगर फिरवली की पाणी सांडत नाही, तसंच इथे होतं. थाळी बाहेरच्या बाजूला पळू बघते आणि तिची कड पेरांत रुतून बसते. म्हणजे पकड हाताची नसते, वेगाची असते.

हे पटेपर्यंत मी कुणाला फेकू देत नाही. आधी थाळी जमिनीवर चाकासारखी घरंगळवायची. हात पायाजवळून पुढे न्यायचा आणि थाळी सर्वांत शेवटी तर्जनीवरून सुटू द्यायची, ओला साबण मुठीतून निसटतो तशी. ती सरळ गडगडत गेली तर सुटणं बरोबर. दोन हातांवर डगमगून आडवी झाली तर मनगट वळलं किंवा थाळी करंगळीकडून निसटली. हवेतही हीच परीक्षा असते. उजव्या हाताने फेकलेली थाळी वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत जायला हवी. ते फिरणं तिला हवेत स्थिर ठेवतं. पंजा सुटताना आकाशाकडे वळला, की ती फडफडत उभी होते आणि धपकन खाली येते.

मग उभ्या जागेवरून फेक. गिरकी नंतर, आणि माझ्या मते बऱ्याच उशिरा. कारण उभ्या फेकीतली चूक गिरकीत फक्त जास्त वेगाने होते. उजव्या हाताच्या खेळाडूने फेकीच्या दिशेकडे डावी कूस करून उभं राहायचं. उजवा पाय अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळाच्या मध्याजवळ, डावा पुढच्या कडेकडे, दोन्हींत खांद्यांपेक्षा थोडं जास्त अंतर. उजव्या टाचेच्या रेषेत डाव्या पायाचा अंगठा. आता अंग मागे वळवा, भार वाकलेल्या उजव्या पायावर घ्या आणि थाळी मागे जाऊ द्या. तिथून पहिली हालचाल हाताची नाही, उजव्या पावलाची. पाऊल वळतं, त्यामागून कंबर, मग छाती, आणि हात सगळ्यांत शेवटी, दोरीसारखा ओढत येतो. डावा पाय आणि डावा खांदा ही दाराची बिजागरी, उजवी बाजू हे दार. बिजागरी ढिली असेल तर दार कितीही जोरात लोटा, उपयोग नाही. थाळी खांद्याच्या उंचीवर सुटते आणि साधारण पस्तीस ते चाळीस अंशांत वर चढते.

त्या मुलीने बोटांचं गणित दोन दिवसांत जमवलं. तिसऱ्या दिवशी आठ फेकींपैकी पाच उजवीकडच्या जाळीत गेल्या. “सर, हात निसटतोय,” ती म्हणाली. मी हाताकडे पाहिलंच नाही. “पायाखाली बघ गं,” म्हटलं. फेक झाल्यावरही तिच्या उजव्या बुटाचं टोक बाजूलाच होतं. पाऊल वळलं नव्हतं, म्हणून कंबर अडली, छाती पुढे आलीच नाही आणि थाळी समोर पोहोचण्याआधीच सुटली. लवकर सुटलेली थाळी उजवीकडे जाते, उशिरा सुटलेली डावीकडे. थाळी बाजूला ठेवून तिला अर्धा तास फक्त पायाखालचं झुरळ रगडावं तसं पाऊल वळवायला लावलं. पुढच्या आठांपैकी सहा सेक्टरमध्ये पडल्या, सगळ्यांत लांबची सतरा मीटरच्या आसपास.

त्या पाच फेकी जाळीत अडल्या, म्हणून मी शांतपणे पावलांबद्दल बोलू शकलो. पिंजरा उभारताना नेमकं हेच पाहायचं, की चुकलेली थाळी कुठे जाईल. नियमाप्रमाणे तो वरून पाहिल्यास इंग्रजी यू अक्षरासारखा असतो. जाळी किमान चार मीटर उंच, पुढचं तोंड सहा मीटर रुंद, आणि ते वर्तुळाच्या मध्यापासून सात मीटर पुढे. जाळी ताणून बांधायची नाही. सैल जाळी थाळीचा वेग गिळते, ताणलेली तिला परत फेकते. ती खांबांच्या आतल्या बाजूने लोंबायला हवी, म्हणजे थाळी लोखंडावर आपटून उसळत नाही. खाली फट नको. जाळीला टेकून कुणी उभं राहायचं नाही, कारण ती फुगून बाहेर येते. आणि खांबांचे पाय पक्के हवेत. 2017 साली लंडनला जागतिक पॅरा स्पर्धेआधीच्या सरावात संयुक्त अरब अमिरातींचा खेळाडू अब्दुल्ला हयायी याच्या अंगावर पिंजऱ्याचा लोखंडी भाग कोसळला, आणि त्यात तो गेला.

एवढं करूनही पिंजरा समोरच्यांना वाचवत नाही. सेक्टर आखायला कोनमापक लागत नाही. वर्तुळाच्या मध्यापासून वीस मीटरवर दोन खुणा करा, एकमेकींपासून बारा मीटर अंतरावर; मध्याला त्या जोडल्या की झालं. पण डावखुरे-उजवे दोघे फेकणार असतील तर पिंजऱ्यातून थाळी साधारण 69 अंशांच्या टापूत निसटू शकते. म्हणजे वीस मीटरवर तो टापू सुमारे सत्तावीस मीटर रुंद होतो, सेक्टरच्या दुपटीहून जास्त. टेप धरणारा मुलगा रेषेच्या बाहेर उभा आहे म्हणून सुरक्षित, असं अजिबात नाही. म्हणून सगळ्यांनी फेकायचं, मग सगळ्यांनी मिळून आणायला जायचं, आणि थाळी हातात घेऊन चालत परत यायचं. परत फेकायची नाही.

अनेक शाळांत पिंजराच नसतो. तिथे मी मुलांना फेकणाऱ्याच्या बरंच मागे आणि डावीकडे उभं करत असे, कारण नवशिक्याची थाळी बहुधा उजवीकडे निसटते. पूर्ण मागेही धोका असतो. झोका मागे नेताना घामट बोटांतून थाळी पाठीकडे सुटते, म्हणून प्रत्येक फेकीआधी फडक्याने हात आणि कड पुसायची. एकदा सगळी मुलं अशी नीट डावीकडे उभी असताना पुढचा मुलगा वर्तुळात आला, थाळी उचलली आणि झोका घ्यायला लागला. तो डावखुरा होता. मी शिट्टी वाजवली आणि सगळी रांग उचलून पलीकडे नेली.