नानकटाईचा डबा : दुकानात ठेवावा की घरोघरी द्यावा?

घरी काही पदार्थ करून विकणाऱ्या भगिनी आपल्या वस्त्यांत कमी नाहीत. कुणी शेवया करते, कुणी मसाला, कुणी नानकटाई. सुरुवात बहुधा शेजारणीपासून होते. माल आवडतो, मागणी वाढते आणि मग कोणीतरी सुचवते, "दुकानात का ठेवत नाही?" गोंधळ इथून सुरू होतो, कारण शेजारणीला लावलेला दर दुकानदारासमोर टिकत नाही.

हे एका उदाहरणाने पाहू. साजूक तुपातली पाव किलो नानकटाई घ्या. मैदा, साखर, तूप, वेलची मिळून 52 रुपये धरू. डबा आणि लेबल 7, ओव्हनची वीज 3, करणारीची मजुरी 8. एका डब्याचा खर्च झाला 70 रुपये. गावागावांत दर वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच राहील. अनेक जणी स्वतःची मजुरी धरतच नाहीत. धंदा वाढून मदतीला बाई ठेवली की तेव्हा कळते, नफा वाटत होता ती मजुरीच होती.

आता 70 चा डबा शेजारणीला 90 ला दिला. वीस रुपये सुटले, ठीक वाटले. पुढे दुकानदाराने पंचवीस टक्के मागितले. नव्वदातून साडेबावीस गेले, हाती आले साडेसदुसष्ट. म्हणजे प्रत्येक डब्यामागे अडीच रुपयांचा तोटा. दुकानासाठी भाव 120 करावा, तर शेजारणी विचारतात, "आम्हाला तर 90 ला देत होतीस!" म्हणून पहिल्या दिवशीच दुकानाचे टक्के धरून छापील किंमत ठरवावी. आपल्या डब्याची किंमत 120 ठेवू.

टक्क्यांतही एक खाच आहे. शाळेत आपण मुलांना शेकडा नफा खरेदीच्या किमतीवर काढायला शिकवतो. दुकानदार मात्र बहुधा एमआरपीवर, म्हणजे विक्रीच्या किमतीवर बोलतो. एमआरपीवर पंचवीस टक्के म्हणजे 120 तून 30 वजा, डबा त्याला 90 ला. खरेदीवर पंचवीस टक्के म्हणजे डबा त्याला 96 ला. शब्द एकच, फरक सहा रुपयांचा. म्हणून टक्क्यांवर थांबू नये. "तुम्हाला डबा किती रुपयांना पडेल" हे रुपयांतच बोलून घ्यावे.

आता दोन्ही वाटांचा हिशेब करू. चोवीस डबे दुकानात 90 प्रमाणे दिले. त्यांतले दोन फुटून किंवा जुने होऊन परत आले. बावीस डब्यांचे 1980 मिळाले. चोवीस डबे करायला 1680 गेले आणि पोहोचवण्याच्या फेरीला 60. उरले 240.

तेच चोवीस डबे घरोघरी 120 प्रमाणे दिले तर 2880 येतात. खर्च वजा जाता 1200 उरतात. इथे अनेकींना वाटते की दुकानदाराला उगाच पैसे दिले. पण हे डबे गावभर विखुरलेल्या सोळा घरी पोहोचवायचे आहेत. दर घरी 25 रुपये धरले तर 400 गेले. फोन घेणे, पत्ता शोधणे, सुटे पैसे सांभाळणे, कुणी घरी नसले की पुन्हा जाणे, यात आठ तास गेले. तासाला 60 रुपये मजुरी धरली तर 480. एक डबा चवीसाठी वाटला, त्याचे 70. उरले 250. दुकानापेक्षा फक्त दहा रुपये जास्त! दुकानदाराचे तीस रुपये फुकट नव्हते. ती त्याची मजुरी, जागेचे भाडे आणि ग्राहकाची वाट पाहण्याची किंमत होती. ते काम आपण केले, म्हणून ते पैसे आपल्याला मिळाले.

पण ही सोळा घरे शेजारच्या दोन इमारतींत असतील तर हिशेब पालटतो. पोहोचवायला 100 रुपये आणि तीन तास, म्हणजे 180 रुपये मजुरी. चवीचा डबा धरूनही 850 उरतात. तेव्हा कोणती वाट चांगली, याचे उत्तर मालापेक्षा अंतरात आहे. चालत जाण्याच्या टप्प्यातले ग्राहक आपले, त्यापलीकडचे दुकानाचे.

दुसरा फरक उधारीचा. ग्राहक रोख देतो, दुकानदार पंधरा दिवसांनी. पाच दुकानांत चोवीस-चोवीस डबे ठेवले तर 120 डब्यांचे 8400 रुपये अडकतात आणि पुढचा माल करायला पुन्हा तेवढेच हवेत. चांगला चालणारा धंदाही इथे बसतो. म्हणून सुरुवात एक-दोन दुकानांपासूनच करावी. दिलेले डबे, तारीख आणि बाकी वहीत मांडून त्यावर दुकानदाराची सही घ्यावी. यात अविश्वास नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्येच आहे. "पुढच्या मालाबरोबर देतो" हे दोनदा ऐकले की नवा माल थांबवावा.

दुकानात जाण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्यावी. डब्यावर तिचा क्रमांक, घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावे, एमआरपी आणि आपले नाव-पत्ता असावा.

मग दुकानदाराशी बोलायचे काय? दुपारी, गर्दी नसताना जावे आणि एक डबा उघडून पुढे ठेवावा.

"अस्सलामु अलैकुम, चाचा. ही साजूक तुपातली नानकटाई, कालच भाजलीय. जरा चाखून बघा. एमआरपी एकशे वीस, तुम्हाला नव्वदला, डब्यामागे तुमचे तीस. आज बाराच डबे ठेवते. सहांचे पैसे आत्ता द्या, बाकीचे पंधरा दिवसांनी. फुटलेला डबा माझा. उरलेले तारीख संपायच्या आत बदलून देईन. मोहल्ल्यात मीही एकशे वीसलाच विकते, तुमच्यापेक्षा कमी दराने देणार नाही."

यात आपल्या कष्टांची कहाणी नाही, कारण दुकानदाराला तीनच शंका असतात : सुटणार किती, पडून राहिले तर काय, आणि हीच बाई माझ्या गिऱ्हाइकाला स्वस्तात देईल का? शेवटची शंका सर्वांत मोठी. बाजूच्या गल्लीत डबा 100 ला मिळतो हे कळले की तो डबे मागच्या फळीवर टाकतो. नेहमीच्या शेजारणीला काही द्यायचेच असेल तर भाव उतरवू नये. चार डब्यांवर थोडी सुटी नानकटाई जास्त द्यावी.

ग्राहकाशी बोलताना टक्के आणि सुट नको. तिला तूप कोणते, कधी भाजले, किती दिवस टिकेल आणि ईदच्या आधी नक्की मिळेल का, एवढेच हवे असते.

पंधरा दिवसांनी पैसे घ्यायला जाल, तेव्हा आधी शिल्लक डबे मोजा. बारांपैकी नऊ-दहा गेले असतील तर पुढच्या वेळी अठरा ठेवा. तीन-चारच गेले असतील तर डबे कुठे मांडले होते ते पाहा. समोर असूनही हलले नसतील तर त्या दुकानाचा ग्राहक आपला नाही. डबे उचला, हिशेब पुरा करा आणि दुसरे दुकान बघा.