आल्याने मळमळ खरंच थांबते का?

दिवस गेले की पहिल्या तीन महिन्यांत मळमळीवर हमखास सल्ला मिळतो : आल्याचा तुकडा चघळ. हा सल्ला निव्वळ ऐकीव नाही. आल्याची चाचणी जिथे सर्वाधिक काटेकोरपणे झाली, ती हीच मळमळ.

२००१ मध्ये थायलंडमधल्या एका अभ्यासात ७० गरोदर स्त्रिया होत्या. काहींना रोज एक ग्रॅम सुंठ, चार कॅप्सूलमध्ये विभागून, चार दिवस दिली. बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या कॅप्सूल. आलं घेणाऱ्या ३२ पैकी २८ जणींना बरं वाटलं. दुसऱ्या गटातही ३५ पैकी १० जणींना बरं वाटलंच, म्हणजे नुसत्या विश्वासाचा वाटाही छोटा नसतो. नंतरच्या अभ्यासांत मळमळ कमी झाल्याचं बऱ्यापैकी दिसलं, उलट्यांबाबत मात्र निकाल डळमळीत आहेत. गाडी लागण्यावर किंवा केमोथेरपीनंतरच्या मळमळीवर आल्याचा पुरावा याहून कच्चा आहे.

मग पोटात घडतं काय? आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन सोडतात. ते शेजारच्या मज्जातंतूवरच्या ग्राहीला चिकटलं की मेंदूकडे मळमळीचा निरोप जातो. उलटीवर डॉक्टर देतात ते ओंडॅनसेट्रॉन सेरोटोनिनची ती जागाच अडवून बसतं. आल्यातली जिंजेरॉलं त्याच ग्राहीवर, पण दुसऱ्या ठिकाणी चिकटतात आणि त्याचं काम मंदावतात. सुंठ करताना यातल्या काही जिंजेरॉलांची शोगाऑलं होतात, तीही हेच करतात. हे प्रयोगशाळेत, पेशी आणि प्राण्यांच्या ऊतींवर दिसलं आहे. माणसाच्या आतड्यात नेमकं इतकंच घडतं, असं म्हणणं घाईचं ठरेल.

दुसरं स्पष्टीकरण असं, की आल्याने जठर लवकर रिकामं होतं. निरोगी लोकांत १.२ ग्रॅम आल्याने हे मोजूनही दिसलं. गंमत अशी, की अपचनाच्या रुग्णांवर तोच प्रयोग केला तेव्हा जठर लवकर रिकामं झालं, पण त्यांचा त्रास कमी झाला नाही. त्यामुळे माझा कल पहिल्या स्पष्टीकरणाकडे आहे.

एक ग्रॅम सुंठ म्हणजे साधारण अर्धा चमचा पूड. ओल्या आल्यात बहुतेक पाणीच, म्हणून तेवढ्यासाठी पाचेक ग्रॅम, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा लागेल. चहात मात्र आपण आलं उकळून चोथा गाळणीतच टाकतो, आणि जिंजेरॉलं पाण्यात फारशी विरघळत नाहीत. आलेपाकात साखरच जास्त.

आल्याने काहींना छातीत जळजळ होते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर सुंठीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी व गडद होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर आल्यावर वेळ घालवू नका. तेव्हा सलाईन लागू शकतं.