दहावीचं गणित : ३५ नव्हे, १७!

घाटंजीकडचा एक पोट्टा शिकवणीला आला तो रडकुंडीलाच. "सर, गणिताच्या पेपरात पस्तीस कुठून आणू?"

त्याला विचारलं, शाळेचे अंतर्गत गुण किती? २० पैकी १८.

आपल्या राज्य मंडळात ३५ गुण लागतात ते १०० पैकी. त्यात शाळेचे २० आणि लेखी ८० : बीजगणित ४०, भूमिती ४०. दोन्ही पेपर मिळून त्याला हवे होते फक्त १७.

त्यातही पहिला प्रश्न एकेका गुणाचा, प्रत्येक पेपरात ८ गुणांचा. म्हणजे १६ तिथेच! अर्थात सगळे बरोबर आले तर. म्हणून दोन गुणांची थोडी सोपी गणितंही करून घेतली.

पोरगं त्या रात्री जेवलं म्हणे.

तुमचे अंतर्गत गुण किती? विचारा, हिशेब मांडून देतो.