अंतुले, पण कोणते?

वकिलाने लिहिलेलं कायदेशीर मत अशिलाकडे जाण्याआधी माझ्याकडे येतं. त्यातला युक्तिवाद बरोबर की चूक, हे मी ठरवत नाही. मी फक्त निवाड्यांचे संदर्भ पाहतो. आधी ते सगळे मजकुरातून उचलून एकाखाली एक मांडतो. मग पानोपानी विखुरलेली विसंगती लगेच दिसते: कुठे ‘वि.’, कुठे ‘विरुद्ध’, कुठे वर्ष कंसात, तर कुठे कंसाविना.

कंसाला कारण आहे. एससीसीचे एका वर्षात अनेक खंड निघतात, म्हणून तिथे कंसात वर्ष, मग खंड, मग पान: (१९८४) २ एससीसी १८३. एआयआरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांची पानं वर्षभर सलग चालतात. तिथे वर्षावरूनच खंड कळतो, कंस लागत नाही: एआयआर १९८४ एससी ६८४. हे दोन्ही संदर्भ एकाच निवाड्याचे.

हा निवाडा ‘आर. एस. नायक वि. ए. आर. अंतुले’. महाराष्ट्राच्या माजी मुख्यमंत्र्यांविरुद्धचं हे प्रकरण संदर्भ तपासणाऱ्याची खरी परीक्षा घेतं. एका मतात ‘अंतुले प्रकरणात म्हटल्याप्रमाणे’ हे शब्द तीन ठिकाणी होते आणि तिन्ही ठिकाणी मुद्दे वेगळे होते. आमदार भारतीय दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक नाही, हे वरच्या निवाड्यात आहे. खासगी व्यक्तीच्या तक्रारीवर विशेष न्यायाधीश खटला चालवू शकतो, हे त्याच दिवशी, १६ फेब्रुवारी १९८४ रोजी दिलेल्या ‘ए. आर. अंतुले वि. रामदास श्रीनिवास नायक’, (१९८४) २ एससीसी ५०० मध्ये आहे. आणि खटला उच्च न्यायालयाकडे वर्ग करण्याचा आपलाच आदेश सर्वोच्च न्यायालयाने मागे घेतला तो ‘ए. आर. अंतुले वि. आर. एस. नायक’, (१९८८) २ एससीसी ६०२ मध्ये.

इथे नावांचा क्रम ‘एकसारखा’ करायला गेलं, तर एक निवाडा पुसला जाऊन दुसराच उभा राहतो. अपिलात आधी अपील करणाऱ्याचं नाव येतं, त्यामुळे तो क्रम हाही संदर्भाचाच भाग आहे.

वर्षाचंही तसंच. जलद खटल्याच्या हक्कावरचा अंतुले निवाडा १० डिसेंबर १९९१ चा, पण छापला गेला (१९९२) १ एससीसी २२५ वर. मजकुरात १९९१ आणि तळटीपेत १९९२ दिसलं म्हणून एक आकडा खोडायचा नसतो. निकालाची तारीख मजकुरात, अहवालाचं वर्ष कंसात, एवढा नियम पुरतो.

‘वि.’ सगळीकडे एकच करताना अवतरणांना मात्र हात लावू नये. न्यायाधीशांनी जसं लिहिलं तसंच ते राहिलं पाहिजे.

कंस, टिंबं आणि संक्षेप नजरेने तपासता येतात. खंड आणि पान तसे तपासता येत नाहीत, कारण ६०२ च्या जागी ६२० पडलं तरी संदर्भ तितकाच नीटनेटका दिसतो. म्हणून मतावर सही होण्याआधी प्रत्येक संदर्भाचा खंड उघडून पान पाहावंच लागतं.