टायरमधली हवा सांगणारे सेन्सर

टायरमधली हवा कमी झाली तर इशारा देणारी सोय जुन्या गाड्यांमध्ये नसते. ती बाहेरून बसवून घेता येते, पण दोन प्रकारांतला कोणता घ्यायचा, ते आज पाहू.

पहिला प्रकार टोपणाचा. व्हॉल्व्हवरचं साधं टोपण काढून त्याजागी सेन्सर फिरवायचा. हे घरी जमतं. सकाळी, गाडी थंड असताना, चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिली असेल तेवढी हवा भरा. समजा ती 33 आहे. व्हॉल्व्हवर आधी सोबतचा बारीक नट चढवा, मग सेन्सर हाताने घट्ट करा. सुरुवातीला फुस्स आवाज येईल, तो थांबला पाहिजे. मग नट पान्याने उलटा फिरवून सेन्सरला टेकवा, म्हणजे तो सैल होणार नाही आणि सहज चोरीलाही जाणार नाही.

यात एक गोम आहे. साधं टोपण फक्त धूळ अडवतं. हवा अडवते ती आतली पिन. सेन्सर मात्र ती पिन कायम दाबून ठेवतो. म्हणजे हवा आता त्याच्या रबरी वायसरवरच अडलेली असते. म्हणून बसवल्यावर तिथे साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर काढून पुन्हा बसवा. दगड लागून सेन्सर फुटला, तर तिथूनच हवा जाते. शिवाय हवा भरताना दरवेळी तो काढावा लागतो. सेल मात्र बहुधा आपल्याला बदलता येतो.

दुसरा प्रकार रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी बसतो. त्यासाठी टायर रिमवरून उतरवावा लागतो आणि नंतर चाकाचं बॅलन्सिंग करावं लागतं. तो दिसत नाही, दगड लागत नाही, हवा नेहमीसारखी भरता येते. पण त्याचा सेल बहुतेक वेळा बदलता येत नाही. काही वर्षांनी सेन्सरच नवा घ्यावा लागतो. पंक्चर काढायला टायर उतरवताना टायरवाल्याला आधी सांगा, नाहीतर लोखंडी पट्टीने तो मोडतो.

टायर नवे घ्यायचेच असतील, तर आतला बसवा, कारण टायर तसेही उतरणारच. नाहीतर टोपणाचा पुरे.

आता आकडे कसे वाचायचे? 33 हवेला कमी हवेचा इशारा 27 च्या आसपास ठेवा. लांब चालवल्यावर आकडा तीन-चारने चढतो. हवा गरम झालेली असते, ती सोडू नका. थंडीच्या सकाळी चारही चाकं दोनने उतरली, तर ती हवामानाची करणी. पण तीन चाकं 33 वर आणि एकच 31, दुसऱ्या दिवशी 29, असं दिसलं तर त्या चाकात खिळा शोधा. आधी टोपणापाशी साबणाचं पाणी लावून बघा, मग टायरवाल्याकडे जा. एवढ्यात गाठलं तर साध्या पंक्चरवर भागतं. तशीच गाडी हमरस्त्यावर पळवली, तर टायरची बाजू दुमडून तापते आणि फाटते.